चार बोटं पाणी आणि ढगफुटी

सप्टेंबरातली गोष्ट. रात्री साडेनऊला पुरंदरहून मामांचा फोन आला. "अरे, आमच्याकडं ढगफुटी झाली. ओढा पार गोठ्यापर्यंत आलाय. कांद्याचं रोप गेलं, खालचा बांध फुटला." जनावरं ठीक आहेत ना, माणसं ठीक आहेत ना, हे विचारून झालं. मग राहवलं नाही म्हणून मी विचारलं, "मामा, अंगणात काही उघडं भांडं होतं का?" मामांना वाटलं असणार, भाच्याचं डोकं फिरलं. पण ते कंदील घेऊन बाहेर गेले आणि परत येऊन म्हणाले, "रंगाचा रिकामा डबा होता. चार बोटं पाणी आहे त्यात."

चार बोटं म्हणजे बोटं आडवी धरून मोजली तर साधारण साडेसात सेंटिमीटर. डबा उभ्या भिंतींचा, वर-खाली सारख्या रुंदीचा, त्यामुळे त्यातलं माप बऱ्यापैकी खरं धरता येतं. बादली किंवा घमेलं असतं तर तोंड रुंद आणि बूड अरुंद असल्यामुळे माप फुगलं असतं. पाऊस लागला तेव्हा साडेसहाची एसटी फाट्यावर आली होती आणि उघडला तेव्हा नऊ वाजून गेले होते. म्हणजे अडीच तासांत 75 मिलिमीटर. तासाला 30. पाऊस दांडगा होता, यात शंकाच नाही. पण ढगफुटी? नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा होता : 'तालुक्यात ढगफुटीसदृश पाऊस'. हा 'सदृश' मराठी पत्रकारितेतला फार सोयीचा शब्द आहे. बातमीला जोर येतो आणि उद्या कुणी आकडा मागितला तर मागे सरकायला दार उघडं राहतं.

भारतीय हवामान विभागाच्या लेखी ढगफुटीचा अर्थ ठरलेला आहे. साधारण 20 ते 30 चौरस किलोमीटरच्या टापूत एका तासात 10 सेंटिमीटर, म्हणजे 100 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला, तरच ती ढगफुटी. आकडा, वेळ आणि जागा या तीन गोष्टी एकत्र जमाव्या लागतात. दिवसभरात 100 मिलिमीटर पडला तर ती ढगफुटी होत नाही. कोकणात आषाढात असे दिवस ओळीनं येतात आणि लोक छत्री घेऊन बाजारात जातात. घोळ बहुतेक वेळा इथेच होतो. बातमीत 'दहा सेंटिमीटर' दिसतं आणि 'एका तासात' हे दोन शब्द गळून पडतात.

वेळ गळली की काय होतं ते महाबळेश्वरच्या आकड्यावरून कळेल. जुलै 2021 मध्ये, महाड आणि चिपळूण बुडाले त्या दिवसांत, महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. पुण्याच्या कित्येक भागांत वर्षाला पडतो त्याच्या जवळ जाणारा हा पाऊस. तरी त्याची सरासरी काढली तर तासाला 25 मिलिमीटरच्या आतच येते. एवढ्या प्रचंड पावसाला ढगफुटीची गरज लागली नाही. तो फक्त थांबला नाही. हवामान विभागाकडे अशा पावसासाठी वेगळी नावं आहेत. 24 तासांत 64.5 मिलिमीटरच्या वर गेला की मुसळधार, 115.6 च्या वर अतिमुसळधार आणि 204.5 च्या वर अत्यंत मुसळधार. ही शिडी दिवसाची आहे आणि ढगफुटी तासाची. दोन्ही मापं एकमेकांत मिसळली की किलोनं दूध मोजल्यासारखं होतं.

आता एका तासातले 100 मिलिमीटर म्हणजे नेमकं किती पाणी, ते डोळ्यांसमोर आणायला हवं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. 100 मिलिमीटर म्हणजे एका एकरावर चार लाख लिटर. दहा हजार लिटरचे चाळीस टँकर एका एकरात एका तासाच्या आत रिकामे करायचे. हेच 20 चौरस किलोमीटरवर नेलं तर 200 कोटी लिटर होतात. धरणाच्या विसर्गाच्या बातम्या वाचणाऱ्याला क्युसेकची सवय असते, म्हणून त्या भाषेत सांगायचं तर हे पाणी जवळजवळ 20 हजार क्युसेक इतक्या वेगानं आभाळातून येत असतं. खडकवासल्यातून विसर्ग या घरात गेला की पुण्यात भिडे पुलावरची वाहतूक बंद होते. तिथे निदान मुठेसारखी नदी आहे. ढगफुटीत तेवढंच पाणी एखाद्या ओढ्याच्या पाणलोटावर पडतं. त्यातलं काही जमिनीत मुरलं, काही शेतात थांबलं, तरी उरलेलं त्या ओढ्यातूनच बाहेर पडायचं. उन्हाळ्यात त्याच ओढ्यात पोरं क्रिकेट खेळतात.

'ढगफुटी' हा शब्द ऐकला की मनात एक चित्र उभं राहतं. आभाळात पाण्यानं गच्च भरलेली पखाल आहे, ती कुठेतरी उसवते आणि सगळं पाणी एकदम खाली येतं. शब्द तयार झाला तेव्हा लोकांची समजूत खरोखर तशीच होती, आणि इंग्रजी शब्दाच्या मागेही तीच. पण ढगात पाणी साठवून ठेवलेलं नसतं, आणि हे एका साध्या हिशेबावरून दाखवता येतं. ऐन पावसाळ्यात, हवा अगदी चिकट दमट असताना, तुमच्या डोक्यावरच्या सगळ्या हवेतली, जमिनीपासून पार वरपर्यंतची, वाफ पिळून काढली तर खाली साधारण 60 ते 70 मिलिमीटर पाणी मिळेल. मग एका तासात 100 मिलिमीटर कुठून आले? मुंबईत 2005 साली 190 आले, ते कुठून? डोक्यावर तेवढं पाणी नव्हतंच. ते आजूबाजूच्या दहा-वीस-पन्नास किलोमीटरवरून ओढून आणलं गेलं.

म्हणजे ढगफुटीचा ढग पखालीपेक्षा रहाटगाडग्यासारखा जास्त आहे. तळाशी दमट वारा चहूबाजूंनी आत खेचला जातो आणि जोरानं वर चढतो. वर थंडावा मिळून त्यातल्या वाफेचं पाणी होतं. वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, तिनं हवा आणखी हलकी होऊन आणखी वेगानं वर जाते आणि खालून नवा दमट वारा ओढून घेते. असा ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच वाढतो. वर जाणारा झोत जोरात असतो तोवर थेंब आणि गारा वरच्या वर अडून राहतात, एकमेकांवर आपटून मोठ्या होतात. झोताला त्यांचं वजन पेलेनासं झालं की त्या खाली सुटतात. एवढंच झालं तर जोराची सर येऊन पाच-दहा मिनिटांत उघडतं, वैशाखातल्या वळवासारखं. ढगफुटी व्हायला तो ढग एकाच जागी उभा राहावा लागतो आणि त्याचा खालचा पुरवठा तुटता कामा नये. डोंगर ही दोन्ही कामं करतो. तो वाऱ्याला वर ढकलत राहतो, आणि वरचे वारे मंद असतील तर ढग पुढे सरकत नाही. म्हणून हिमालयाच्या पायऱ्यांवर आणि सह्याद्रीच्या कड्यांवर अशा घटना जास्त होतात. मुंबईसारख्या सपाट किनाऱ्यावर डोंगर लागतोच असं नाही. तिथे समुद्र पुरवठा करतो आणि वाऱ्यांची गाठ पडते तिथे ढगांची रांग उभी राहते.

व्याख्या सरळ आहे, पण ती लागू झाली की नाही हे ठरवणं अवघड. कारण मोजायचं कसं?

पाऊस मोजण्याचं जुनं साधन म्हणजे नरसाळं बसवलेलं नळकांडं. त्याचं तोंड जेमतेम 200 चौरस सेंटिमीटरचं, नाश्त्याच्या बशीएवढं. सकाळी साडेआठला माणूस येतो, साठलेलं पाणी मापात ओततो आणि वहीत लिहितो. यातून कळतं ते 24 तासांचं. पाऊस रात्रभर पडला की अर्ध्या तासात कोसळला, हे त्या नळकांड्याला माहीत नसतं. देशातल्या कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षं हीच नोंद होती. त्यामुळे जुन्या ढगफुटींच्या ज्या गोष्टी सांगितल्या जातात, त्यातल्या पुष्कळ खऱ्या असतील, पण कागदावर सिद्ध करता येणार नाहीत.

तासाचा हिशेब ठेवायला स्वयंलेखी यंत्र लागतं. वेधशाळेत जुन्या पद्धतीचं यंत्र पाहायला मिळालं तर जरूर पाहा. आत फिरणाऱ्या नळकांड्यावर आलेखाचा कागद गुंडाळलेला असतो. पाणी साठतं तसं तरंगतं पात्र वर चढतं आणि त्याला जोडलेलं पेन कागदावर रेघ चढवत जातं. 10 मिलिमीटर झाले की वक्रनळीतून पाणी एकदम उपसलं जातं, पेन खटकन शून्यावर पडतं आणि पुन्हा चढायला लागतं. रिमझिम असली की रेघ झोपलेली दिसते. ढगफुटीत ते पेन तासाला दहा वेळा, म्हणजे दर सहा मिनिटांनी वर जाऊन खाली पडतं. तो कागद करवतीच्या दातांसारखा दिसतो, आणि दात इतके जवळजवळ की शाई एकमेकींत मिसळते. आताच्या स्वयंचलित केंद्रात पेनाऐवजी तराजूसारखी दोन छोटी पात्रं असतात. एक भरलं की कलंडतं आणि दुसरं वर येतं, प्रत्येक कलंडणं विजेच्या खुणेनं मोजलं जातं. अर्ध्या मिलिमीटरला एक कलंडणं धरलं तर ढगफुटीत ते दर 18 सेकंदांनी होतं. आणि नेमक्या याच वेळी यंत्र थोडं चुकतं. पात्र कलंडत असताना मधल्या क्षणी पडलेलं पाणी मोजलं जात नाही, म्हणून फार जोराचा पाऊस यंत्रात जरा कमीच दिसतो.

या पार्श्वभूमीवर दोन नोंदी बघा. 28 जून 2024 ला पहाटे दिल्लीत सफदरजंगच्या केंद्रावर पाच ते सहा या तासात 91 मिलिमीटर पाऊस झाला. 23 सप्टेंबर 2025 ला कोलकात्यात अलीपूरला पहाटे तीन ते चार या तासात 98. दोन्ही वेळा बातम्यांत 'ढगफुटी' झळकली आणि दोन्ही वेळा हवामान विभागानं सांगितलं की ही ढगफुटी नव्हे. कोलकात्याची ढगफुटी दोन मिलिमीटरनं हुकली. लोकांना हे हास्यास्पद वाटलं आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. 98 आणि 100 यांत निसर्गाच्या दृष्टीनं काही फरक नाही. घड्याळाचा तास तीन ते चार असा न धरता तीन-दहा ते चार-दहा धरला तर कोणता आकडा येतो, हाही प्रश्न आहेच. सीमारेषा माणसानं आखलेली आहे आणि गोल आकडा म्हणून आखलेली आहे. पण रेषा आखायची ठरली की कुठेतरी आखावी लागते. 98 ला सोडलं तर 91 वाला येऊन उभा राहतो, त्याच्या मागे 80 वाला, आणि रांगेच्या शेवटी आमचे मामा चार बोटं पाण्याचा डबा घेऊन असतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या अभ्यासकांनी या रांगेची दखल घेऊन एक मधली पायरी सुचवली आहे : सलग दोन तासांत 50 मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तर तिला 'छोटी ढगफुटी' म्हणावं. या व्याख्येत मामांचा पाऊस बसतो. पण ती अभ्यासातली संज्ञा आहे, हवामान विभागाच्या व्याख्येची जागा तिनं घेतलेली नाही.

ढगफुटीच्या नावाखाली ज्याची सगळ्यांत जास्त चर्चा झाली ती घटना म्हणजे जून 2013 मधलं केदारनाथ. आजही कुणाला विचारा, 'तिथे ढगफुटी झाली होती' असंच उत्तर मिळेल. योगायोगानं तिथे मोजमाप झालेलं आहे. देवळाच्या वरच्या बाजूला चोराबारी हिमनदीपाशी, 3,800 मीटरवर, डेहराडूनच्या वाडिया संस्थेचा तळ होता आणि त्यांच्याकडे पर्जन्यमापक होतं. त्यांची नोंद अशी : 15 जूनच्या संध्याकाळी पाचपासून 16 जूनच्या पहाटे पाचपर्यंत, बारा तासांत 210 मिलिमीटर. पुढच्या बारा तासांत, 16 च्या संध्याकाळी पाचपर्यंत, 115. एकूण 325. सरासरी काढली तर पहिल्या टप्प्यात तासाला साडेसतरा आणि दुसऱ्यात दहाच्या आत. आपल्याकडे लोणावळ्यात असा पाऊस पडला तर पर्यटक भजी खात बसतील.

पण त्या उंचीवर जूनमध्ये असा पाऊस सलग पडत नाही. तो पडला साठलेल्या बर्फावर, आणि बर्फ वितळून त्याचं पाणी पावसात मिसळलं. 16 च्या संध्याकाळी पहिला लोंढा आला, त्यानं दगडगोटे आणि गाळ घेऊन केदारनाथला धडक दिली आणि खालच्या रामबाड्याची वाताहत केली. तोवरही गोष्ट संपली असती तरी हानी मोठी होती. खरा घात वर होत होता. देवळापासून साधारण दोन किलोमीटरवर चोराबारी ताल, ज्याला गांधी सरोवरही म्हणतात, हिमनदीनं आणून टाकलेल्या दगडमातीच्या बांधाआड होता. सुमारे 400 मीटर लांब, 200 मीटर रुंद. त्याला बाहेर जायला धड वाट नव्हती, तळाशी दगडांच्या फटींतून पाणी झिरपायचं तेवढंच. पाऊस आणि बर्फाचं पाणी त्यात भरत गेलं आणि झिरपण्याला ते आवरेना. 17 जूनच्या सकाळी पावणेसातच्या सुमारास तो सैल दगडमातीचा बांध फुटला. तळावरच्या माणसांनी पाहिलं त्याप्रमाणे पाच-दहा मिनिटांत तलाव रिकामा झाला. हजारो माणसं ज्या लोंढ्यात गेली तो या तलावाचा.

मग ढगफुटी म्हटलं काय आणि तलावफुटी म्हटलं काय, गेलेली माणसं थोडीच परत येणार, असं कुणी म्हणेल. फरक असा की ढगफुटी कुठे होईल हे दोन दिवस आधी सांगता येत नाही. रडारवर ढग वाढताना दिसला तर फार तर एक-दोन तास हाती असतात. तलाव मात्र वर्षानुवर्षं तिथेच असतो. तो मोजता येतो, त्याच्या पातळीवर लक्ष ठेवता येतं, त्याला वाट करून देता येते, त्याच्या खालच्या पात्रात हॉटेलं बांधू नयेत असं सांगता येतं. 'ढगफुटी' म्हटलं की यातलं काहीच विचारलं जात नाही. दोष ढगाचा, आणि ढगावर खटला चालत नाही.

हिमालयात हे पुन:पुन्हा घडतं. 7 फेब्रुवारी 2021 ला चमोलीत ऋषिगंगेला लोंढा आला तो कोरड्या, उघड्या आकाशाखाली. डोंगराचा कडा हिमासकट तुटून दरीत कोसळला होता. 8 जुलै 2022 ला अमरनाथच्या गुहेजवळ यात्रेकरूंचे तंबू वाहून गेले. गुहेजवळच्या केंद्रावर साडेचार ते साडेसहा या दोन तासांत 31 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. ढगफुटीच्या तिसऱ्या हिश्श्याचाही नाही, तोही दुप्पट वेळात. पण तंबू सुक्या ओढ्याच्या पात्रात होते. 5 ऑगस्ट 2025 ला उत्तरकाशीतल्या धरालीवर खीरगंगेचा गाळ धडधडत आला, त्याची चित्रफीत आपण सगळ्यांनी पाहिली आणि 'ढगफुटी' हा शब्द लोंढा थांबायच्या आत सगळीकडे पोहोचला. जिल्ह्यातल्या केंद्रांवर त्या दिवशी नोंदलेला पाऊस मात्र 30 मिलिमीटरच्या आतला होता. म्हणून मग वर हिमनदीपाशी काय झालं, साठलेला गाळ सुटला की पाणी तुंबून फुटलं, हे शोधणं सुरू झालं.

इथे एक उलटी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मीसुद्धा आकड्याचा अडाणीपणा केल्यासारखं होईल. केंद्रावर 30 नोंदले म्हणजे डोंगरापलीकडे 100 पडलेच नाहीत, असं होत नाही. बशीएवढं तोंड असलेलं यंत्र 20 चौरस किलोमीटरची साक्ष देतं, म्हणजे स्वत:च्या शंभर कोटी पट जागेची. 2010 च्या ऑगस्टमध्ये, 5 तारखेच्या मध्यरात्री, लेहमध्ये लोंढ्यांनी दोनशेवर माणसं मारली. लेहच्या हवाई दलाच्या केंद्रावर त्या दिवशीची नोंद होती 12.8 मिलिमीटर. फक्त. पण नंतर अभ्यासकांनी दरडी कुठे घसरल्या, ओढ्यांनी काठ कुठे खरवडले, याच्या खुणा जुळवल्या तेव्हा एका अरुंद पट्ट्यात फार जोराचा पाऊस झाल्याचं दिसलं. यंत्र त्या पट्ट्याबाहेर होतं, इतकंच. म्हणजे न झालेली ढगफुटी जाहीर होते, तशी झालेली ढगफुटी नोंदीतून निसटतेही.

आपल्याला हे शिकायला लेहला जायची गरज नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि वीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्याला 73. कुलाब्यात बसलेल्या माणसाला ऑफिसातून निघताना काही वावगं वाटलं नसेल. मुंबईत तेव्हा डॉप्लर रडारही नव्हतं. सांताक्रूझच्या नोंदीत दुपारच्या एका तासात 190 मिलिमीटर दिसतात. ही व्याख्येच्या जवळजवळ दुप्पट, निखळ ढगफुटी, आणि ती एका तासानंतर थांबली नाही. त्या दिवसाला ढगफुटी म्हणायला हवामानशास्त्राची हरकत नाही.

पण त्यानंतर मुंबईत दर वर्षी दोन-तीनदा हा शब्द वापरला जातो, तिथे हरकत आहे. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिनी तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबानं बांधलेली होती, तीही ओहोटी असताना. ब्रिमस्टोवॅड प्रकल्पात ती क्षमता 50 करायचं ठरलं. म्हणजे तासाला 60 चा पाऊस आला, जो मुंबईत पावसाळ्यात अनोळखी नाही, तर ढगफुटीच्या अर्ध्या-पाऊण जोरातही हिंदमाता आणि अंधेरी सबवे भरणार. भरतीची वेळ असली तर त्याहून आधी. या पावसाला ढगफुटी म्हटलं की 25 आणि 50 हे आकडे चर्चेतून बाहेर जातात. माझ्या मते हा शब्द एवढा लाडका असण्याचं निम्मं कारण इथे आहे. नाला अरुंद कुणी केला, पुलाच्या मोऱ्या कचऱ्यानं कशा तुंबल्या, ओढ्यावर स्लॅब टाकून पार्किंग कुणी केलं, हे सगळं एका शब्दात धुऊन निघतं.

उरलेलं निम्मं कारण मात्र तसं निर्दोष आहे. माणसाला आकडा दिसत नाही, लोंढा दिसतो. आभाळ फाटलं, आभाळ कोसळलं असं म्हणण्याची आपल्याकडे पूर्वापार पद्धत आहे, आणि 'ढगफुटी' त्याच कुळातला शब्द वाटतो. मामांच्या आजोबांनी तो वापरला असता तर कुणी व्याख्या विचारली नसती. शब्द बोलीतून उचलून शास्त्रात नेला, त्याला आकडा चिकटवला, आणि मग बोलणाऱ्याला चूक ठरवलं, हा काही लोकांचा अपराध नाही. पेपरवाल्याचा आणि मंत्र्याचा आहे, कारण त्यांना दोन्ही अर्थ माहीत असतात.

गंमत म्हणजे शेतकऱ्याला ढगफुटी सिद्ध करून फारसं मिळतही नाही. केंद्राच्या आपत्ती निवारण निधीच्या यादीत ढगफुटीचं नाव आहे, पण महाराष्ट्रात तलाठी पंचनाम्याला येतो तेव्हा शब्द असतो 'अतिवृष्टी' आणि तिचा आकडा असतो महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर. मामांचा डबा ही रेषा आरामात ओलांडतो. पण मंडळाचं स्वयंचलित केंद्र सात किलोमीटरवर, टेकडीच्या अलीकडे. तिथे त्या संध्याकाळी काय पडलं, यावर मामांच्या कांद्याचं ठरणार. 100 च्या ढगफुटीपेक्षा 65 ची ही रेषा आणि ती सात किलोमीटरची दूरी त्यांच्या दृष्टीनं कितीतरी महत्त्वाची आहे. त्यावर मात्र मथळे होत नाहीत.

दिवाळीला गेलो तेव्हा अंगणात तोच डबा दिसला. मामांनी तो धुऊन, आतून पट्टीनं सेंटिमीटरच्या खुणा रंगवून, पत्र्यापासून आणि झाडापासून दूर, ओट्याच्या टोकाला विटांत बसवला होता. वर खिळ्याला एक वही टांगलेली. पहिल्या पानावर तारीख, मग 'सुरू', मग 'उघडला', मग 'बोटं'. सेंटिमीटरच्या खुणा असूनही मामांनी रकान्याला 'बोटं'च नाव दिलं होतं.

"वेळ लिहायची मुख्य," मामा म्हणाले. "तलाठीबाई बघून गेल्या. म्हणाल्या, तुमचं हे धरता येणार नाही, पण फोटो काढून ठेवते."